"मॅडम, द्राक्षबागेवर काहीतरी करायचंय": कच्च्या कल्पनेपासून सिनॉप्सिसपर्यंत

दरवर्षी पीजीची नवी बॅच आली की दोनेक महिन्यांत कोणीतरी दार ढकलून येतं आणि म्हणतं, मॅडम, टॉपिक सुचलाय. मागच्या खेपेला आलेला मुलगा पीएसएमचा, गाव निफाड तालुक्यात, घरची चार एकर द्राक्षबाग. त्याचं वाक्य होतं, "मॅडम, द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांवर काहीतरी करायचंय, लोकांना त्रास होतो हो." कल्पना चांगली होती आणि मनापासून आलेली होती, पण "काहीतरी" या शब्दाचा प्रोटोकॉल होत नाही. त्याचं ते वाक्य कागदावर कसं उतरवलं ते पायरी पायरीने सांगते. तुमचा विषय वेगळा असला तरी हे प्रश्न तुम्हालाही कमीजास्त फरकाने पडणारच आहेत.

आधी एक सांगते. बहुतेक पोरं काय करतात, सीनियरचा सिनॉप्सिस घेतात, टायटल बदलतात आणि मग खालचं बदलत बसतात, त्यामुळे शेतावरच्या स्टडीत "ओपीडीत येणारे पेशंट" तसेच राहून जातात (हसू नका, मी दोनदा वाचलंय). एम्स, डिझाईन, सॅम्पल साईज, एथिक्स हे चार वेगळे धडे आहेत असं समजून लिहिलं की असंच होतं. मी उलटीकडून सुरुवात करायला लावते, म्हणजे थिसिसमधला शेवटचा तक्ता आधी काढायचा, आकडे न भरता, फक्त रकाने.

पहिली पायरी: रिकामा तक्ता

त्याला कोरा कागद दिला आणि म्हटलं, समज तुझं काम झालं, दोन वर्षं गेली, आता रिझल्टमधला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता काढ. त्याने डावीकडे लिहिलं "कीटकनाशक" आणि वर लिहिलं "आरोग्यावर परिणाम", आणि तिथेच अडकला, कारण आडव्या ओळीत कोण येणार आणि उभ्या रकान्यात काय मोजणार हे त्याच्या डोक्यात नव्हतंच. मग अर्धा तास नुसते प्रश्न. फवारणी करणारा म्हणजे नक्की कोण? ट्रॅक्टरवर बसून ब्लोअर चालवणारा, एचटीपी पंपाचा पाईप ओढणारा, गन धरणारा, की टाकीत औषध कालवणारा? जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, पाण्यात घड बुडवणाऱ्या बाया यात येतात का? त्या तर फवारणी करतच नाहीत, पण हात दिवसभर ओले असतात. मालक स्वतः फवारत असेल तर तो धरायचा का?

हे प्रश्न फालतू वाटतात पण इन्क्लुजन क्रायटेरिया म्हणजे दुसरं काही नसतं. शेवटी ठरलं ते असं: १८ वर्षं पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती, मालक असो की मजूर, जिने गेल्या ७ दिवसांत द्राक्षबागेत औषध कालवलं, फवारलं किंवा फवारणीचा पाईप ओढला. जीएच्या डिपिंगवाल्या बाया वगळल्या, त्यांना त्रास होत नाही म्हणून नव्हे तर त्यांचा संपर्क वेगळ्या प्रकारचा, वेगळ्या रसायनाचा आहे, तो वेगळा थिसिस आहे. सगळं एकाच पोत्यात कोंबायची हौस पहिल्या वर्षात सगळ्यांना असते.

मग उभा रकाना. "त्रास" म्हणजे काय? डोळ्यांची आग, अंगाला खाज किंवा पुरळ, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, खोकला किंवा दम लागणं, यातलं किमान एक, आणि ते शेवटच्या फवारणीनंतर २४ तासांच्या आत सुरू झालेलं. हे "२४ तास" आणि मघाचे "७ दिवस" महत्त्वाचे आहेत. "गेल्या वर्षभरात कधी डोकं दुखलं का" असं विचारलं तर निफाडातच काय, सगळ्या महाराष्ट्रात हो म्हणतील. आणि महिन्यापूर्वीची फवारणी कोणाला आठवत नाही, हंगामात दिवसाआड टाकी भरणारा माणूस कोणत्या टाकीबद्दल बोलतोय हे त्यालाच सांगता येत नाही.

तक्ता झाला: ओळीत हातमोजे-मास्क वापरणारे आणि न वापरणारे, रकान्यात त्रास झाला, नाही झाला, आणि खाली एकूण. एवढाच. बाकी सगळा सिनॉप्सिस या तक्त्यातून निघतो.

रक्त तपासायचं का?

इथे तो थांबला आणि म्हणाला, मॅडम नुसते प्रश्न विचारायचे? गाईडना आवडणार नाही, काहीतरी लॅबचं हवं, कोलिनेस्टरेज करतो. हे मी दर दोन वर्षांनी ऐकते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांनी दबतं, त्या गटासाठी ती तपासणी योग्य आहे. पण ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्याकडे बागेत सगळ्यात जास्त काय मारतात? डाऊनी आणि भुरीसाठीची बुरशीनाशकं, म्हणजे मॅन्कोझेब, तांबं, गंधक असली औषधं. मॅन्कोझेब हे रसायनशास्त्राच्या नावाने डायथायोकार्बामेट आहे आणि त्या नावातल्या "कार्बामेट"ला भुलून पोरं फसतात, पण ते कोलिनेस्टरेजला त्या कीटकनाशकांसारखं दाबत नाही. म्हणजे ज्याचे डोळे लाल झालेत आणि हातावर पुरळ आहे त्याचं रक्त नॉर्मल येणार आणि तुम्ही थिसिसमध्ये लिहिणार की फवारणीने काही होत नाही. शिवाय या एन्झाइमची पातळी माणसामाणसात मुळातच बरीच वेगळी असते, त्यामुळे हंगामाआधीचा त्याच माणसाचा रिपोर्ट हातात नसेल तर एकाच रिपोर्टवरून फार बोलता येत नाही. म्हणजे प्रत्येकाला दोनदा सुई टोचायची, रक्त थंड ठेवून बागेतून नाशिकपर्यंत आणायचं, पैसे घालायचे, आणि उत्तर मिळणार भलत्याच प्रश्नाचं.

तपासणी ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे. ती तपासणी तुमच्या रिकाम्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसते ते बोट ठेवून दाखवा. दाखवता आलं नाही तर ती गाईडला खूश करायला घातलेली आहे, काढा. त्याऐवजी त्याने काय केलं, शेवटच्या फवारणीत वापरलेल्या औषधाची बाटली किंवा पुडा बघायचा आणि लेबलवरचं नाव उतरवून घ्यायचं असं ठेवलं. फुकटचं काम आहे आणि आठवणीवर विसंबण्यापेक्षा खूप बरं.

एम आणि ऑब्जेक्टिव्ह

त्याचं पहिलं टायटल होतं "द्राक्ष उत्पादकांच्या आरोग्यावर कीटकनाशकांचा परिणाम". एकेक शब्द बघा. उत्पादक म्हणजे मालक, पण आपण मजूरही घेतोय. कीटकनाशक म्हटलं पण निम्म्याहून जास्त बुरशीनाशकं असणार. आरोग्य म्हटलं पण मोजतोय २४ तासांतली लक्षणं. आणि सगळ्यात घातक शब्द "परिणाम". एकदाच जाऊन विचारून आलात तर परिणाम सिद्ध होत नाही, उन्हात आठ तास उभं राहिल्यावर डोकं औषधाशिवायही दुखतं. तुम्ही सांगू शकता ते प्रमाण, म्हणजे शंभरातल्या किती जणांना त्रास झाला, आणि संबंध, म्हणजे मोजे न घालणाऱ्यांत तो जास्त दिसला का. टायटलमध्ये "परिणाम" लिहिलात की व्हायव्हाला एक्झामिनर पहिला तोच दगड उचलतो.

सुधारलेलं: निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत फवारणीचं काम करणाऱ्या प्रौढांमध्ये फवारणीनंतरच्या २४ तासांतील लक्षणांचं प्रमाण आणि संरक्षक साधनांचा वापर, एक क्रॉस सेक्शनल अभ्यास. लांब आहे, हो, पण यात कोण, कुठे, काय, कधी आणि कसं पाचही आलं.

एम एकच वाक्य, वरचंच. ऑब्जेक्टिव्ह त्याने सात आणले होते, त्यात "जनजागृती करणे" आणि "शासनाला शिफारस करणे" पण होतं. ती चांगली कामं आहेत, जरूर करा, पण ती मोजता येत नाहीत म्हणून ऑब्जेक्टिव्ह नव्हेत. तीन ठेवले. मुख्य: लक्षणांचं प्रमाण काढणे. दुय्यम: मोजे, मास्क, चष्मा, बूट किती जण वापरतात ते काढणे, आणि साधनं वापरणं व लक्षणं यांचा संबंध तपासणे. मुख्य ऑब्जेक्टिव्ह एकच हवा हा हट्ट धरा, कारण सॅम्पल साईज त्याच्यावरूनच निघणार.

डिझाईन

यावर फार वेळ घालवायला नको. एकदाच भेटायचं आणि संपर्क व त्रास दोन्ही एकदम विचारायचं, म्हणजे क्रॉस सेक्शनल. हंगामभर त्याच माणसांच्या मागे लागायचं तर कोहोर्ट, पण टोळ्या बाग संपली की दुसऱ्या गावाला जातात, काही जण पेठ-सुरगाण्याला घरी जातात, निम्मे हातातून सुटतील. या डिझाईनची एक मर्यादा मात्र आधीच लिहून ठेवायला लावली: ज्याला फार त्रास झाला त्याने फवारणी कधीच सोडलेली असते, तो आपल्याला बागेत भेटणारच नाही, त्यामुळे आपला आकडा खऱ्यापेक्षा कमी येण्याची शक्यता आहे.

आता माणसं निवडायची कशी. फवारणी करणाऱ्यांची यादी कुठल्याच ऑफिसात नसते, बागांची मिळू शकते, ७/१२ वरच्या पीक नोंदीतून. म्हणून आधी चिठ्ठ्या टाकून गावं, मग त्या गावांच्या यादीतून रँडम नंबरने बागा, आणि बागेत जेवढे फवारणीवाले असतील तेवढे सगळे. साधारण तिघं धरले, एक ट्रॅक्टरवर, दोघं पाईपवर किंवा टाकीपाशी. तो म्हणाला, मॅडम आमच्याच गावात ओळखीच्या चाळीस बागा आहेत, तिथूनच घेतो ना. तिथेच नको म्हटलं, का ते एथिक्समध्ये येतंय.

सॅम्पल साईज, जिथे सगळे घामाघूम होतात

प्रमाण काढायचं असेल तर सूत्र हे:

```
n = Z² × p × (1 − p) / d²
```

झेड म्हणजे ९५ टक्के खात्रीसाठी १.९६. पी म्हणजे तुम्हाला अपेक्षित असलेलं प्रमाण. डी म्हणजे उत्तर किती इकडेतिकडे झालं तर चालेल. गंमत अशी की यातला पी तुम्हाला माहीत असता तर स्टडी करायलाच नको होता. म्हणून तो तुमच्यासारख्याच लोकांवर झालेल्या आधीच्या छापील अभ्यासातून घ्यायचा, आणि "तुमच्यासारख्याच" हे महत्त्वाचं, कापसातल्या पाठीवरच्या पंपाचा आकडा द्राक्षातल्या ब्लोअरला लावू नका. जुळणारा अभ्यास मिळाला नाही तर पी ५० टक्के धरायचा, कारण त्याने सॅम्पल सगळ्यात मोठा येतो, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

आमच्या पोराने मधला मार्ग काढला होता, गावात तीस जणांना फोन करून पायलट करतो आणि पी काढतो म्हणाला. पायलट म्हणजेसुद्धा माणसांवरचं संशोधनच आहे बाबा, एथिक्स कमिटीच्या परवानगीआधी तो करता येत नाही. मग ५० धरले.

पी ०.५ आणि डी ०.०५ घातलं की ३८४.१६ येतं, वर ढकलून ३८५ (सॅम्पल साईज नेहमी वरच ढकलायचा, माणूस ०.१६ नसतो). हा ३८५ आकडा इतक्या थिसिसमध्ये आहे की पोरांना वाटतं तो देवाने दिलेला आहे. पण आपलं काम इथे संपत नाही. एका बागेतले तिघं तेच औषध, तोच पंप, तोच मालक, मोजे दिले तर तिघांना नाहीतर कोणालाच नाही, म्हणजे तिघं मिळून तीन स्वतंत्र माणसांएवढी माहिती देत नाहीत. यासाठी डिझाईन इफेक्ट लावतात:

```
DEFF = 1 + (m − 1) × ICC
```

एम म्हणजे बागेतली माणसं, आपली ३. आयसीसी म्हणजे एका बागेतली माणसं एकमेकांसारखी किती, आम्ही ०.१ गृहीत धरला आणि गृहीत धरलाय असं स्पष्ट लिहिलं. म्हणून १ + २ × ०.१, म्हणजे १.२. ३८५ गुणिले १.२ झाले ४६२. त्यात १० टक्के लोक नाही म्हणतील. इथे सगळे ४६२ मध्ये १० टक्के मिळवतात, ते चूक, ०.९ ने भागायचं असतं, कारण आपल्याला उरलेले ४६२ हवेत. ५१३.३, म्हणजे ५१४ माणसं, तिघं प्रत्येकी म्हणून १७२ बागा.

आता कॅलेंडर काढा. आठवड्यात दोन दिवस फील्ड, दिवसाला तीन बागा, त्याहून जास्त होत नाहीत, कारण माणूस कामातून मोकळा होईपर्यंत बांधावर बसावं लागतं. आठवड्याला सहा बागा म्हणजे १७२ ला २९ आठवडे. १५ ऑक्टोबरला सुरुवात केली तर मे उजाडेल, आणि तोवर बाग काढून माल कधीच गेलेला असेल, काढणीच्या आधी तर फवारणी बंदच करावी लागते. ही अडचण गाईडला आणि स्टॅटिस्टिशियनला बसल्या जागेवरून दिसत नाही, शेतकऱ्याच्या पोराला दिसते.

मग डी कडे वळायचं. ५ ऐवजी ८ टक्के चालेल का? म्हणजे उत्तर ५० आलं तर आपण म्हणणार खरं ४२ ते ५८ मध्ये आहे. पहिल्याच अभ्यासाला, जिथे आज काहीच माहीत नाही, तिथे हे चालण्यासारखं आहे. ०.०८ ने १५०.०६, म्हणजे १५१, गुणिले १.२ झाले १८२, भागिले ०.९ झाले २०३. बागा ६८, आठवडे १२, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काम संपतं. हा आकडा घेतला. ८ टक्के का घेतले ते सिनॉप्सिसमध्ये एका वाक्यात प्रामाणिकपणे लिहिलं. हे डेटा गोळा व्हायच्या आधी लिहिलं तर तो निर्णय असतो, नंतर लिहिलं तर ती सारवासारव दिसते.

एक सापळा राहिला. समजा तुमची गोष्ट दुर्मिळ आहे, जसं फवारणीच्या विषबाधेने ॲडमिट झालेले, पी ५ टक्के. सवयीने डी पण ५ टक्के ठेवला की उत्तर येतं ७३, आणि पोरगं खूश, त्र्याहत्तरच! पण त्याचा अर्थ उत्तर ० ते १० च्या मध्ये कुठेही, म्हणजे तुम्ही काहीच शोधलं नाहीत. पी लहान असेल तर डी त्याच्या निम्म्याहून बराच कमी हवा. सॅम्पल फार लहान आला की आनंद करू नका, संशय घ्या.

आणि दुय्यम ऑब्जेक्टिव्ह, मोजे वापरणारे विरुद्ध न वापरणारे? तिथे प्रश्न माणसं एकूण किती याचा नसून मोजेवाले किती सापडतात याचा असतो. २०० मध्ये मोजेवाले २० च निघाले तर फक्त खूप मोठा फरक असेल तरच दिसेल. सिनॉप्सिसमध्ये लिहिलं, या तुलनेसाठी सॅम्पल काढलेला नाही, निष्कर्ष सावधपणे वाचावा.

एथिक्स

हा भाग लोक शेवटच्या रात्री कॉपी-पेस्ट करतात. "हेलसिंकी घोषणेनुसार संशोधन केले जाईल" असं एक वाक्य आणि संपलं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी उघडा, भारतात कमिटी त्यांवरूनच प्रश्न विचारते. कमिटीत तुमच्या ओळखीचे डॉक्टरच नसतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, कायद्याचा माणूस आणि सामान्य नागरिकही असतो, आणि सगळ्यात अवघड प्रश्न बहुतेक वेळा त्या सामान्य माणसाकडूनच येतो.

आमच्या केसमधली खरी अडचण पोराच्या आडनावात होती. तो स्वतः बागायतदाराचा मुलगा. त्याच्या गावात, काकाच्या बागेत, काकाच्याच मजुराला त्याने विचारलं "तुम्हाला मालक मोजे देतो का", तर तो मजूर काय सांगणार? एकतर हो म्हणेल, नाहीतर खरं सांगून उद्याची मजुरी घालवेल. पहिल्यात तुमचा डेटा खोटा, दुसऱ्यात त्याचं नुकसान. म्हणून त्याचं गाव आणि शेजारची दोन गावं चिठ्ठ्यांतून आधीच काढली आणि का काढली ते लिहिलं. हे लपवण्यासारखं नाही, उलट लिहिल्याने कमिटीचा विश्वास बसतो.

दुसरं, मालकाची परवानगी आणि मजुराची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बागेत पाय ठेवायला मालकाला विचारायचंच, पण मालक "विचारा की, काय हरकत नाही" म्हणाला म्हणून मजुराने हो म्हटलं असं होत नाही. मुलाखत मालक आणि मुकादम यांच्या नजरेआड, कोण बोललं आणि काय बोललं हे मालकाला कळणार नाही, नाही म्हणणाऱ्याचं नावही कळणार नाही. बांधावर हे जमत नाही, म्हणून संध्याकाळी काम सुटल्यावर शाळेची पडवी किंवा तसली जागा ठरवली. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा आणि निःपक्ष साक्षीदार, आणि तो साक्षीदार मुकादम नको हे वाक्य मुद्दाम घातलं.

कन्सेंटचा कागद. पहिला ड्राफ्ट असा होता: "सदर संशोधन प्रकल्पामध्ये सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नसून मला सर्व माहिती अवगत करून देण्यात आली आहे." मी त्याला म्हटलं, हे तुझ्या आजीला वाचून दाखव आणि विचार काय समजलं. दुसरा ड्राफ्ट असा आला: "फवारणी केल्यावर लोकांना काय त्रास होतो ते आम्ही विचारत आहोत. साधारण वीस मिनिटं लागतील. सुई टोचणार नाही. तुम्ही नाही म्हणालात किंवा मध्येच उठून गेलात तरी चालेल, तुमच्या कामावर त्याचा परिणाम होणार नाही. तुम्ही काय सांगितलं ते आम्ही मालकाला सांगणार नाही." पेठ-सुरगाण्याकडच्या काही जणांची घरची बोली कोकणा आहे, त्यांच्यासाठी त्या भागातला माणूस बरोबर न्यायचा ठरवलं.

"सहभागाचे फायदे" या रकान्यात "आपले आरोग्य सुधारेल" लिहू नका, ते खोटं आहे. थेट फायदा नाही असंच लिहा. मोजे कसे घालावे, फवारणीनंतर कपडे वेगळे कसे धुवावेत हे प्रत्येकाला सांगायचं ठरवलं, पण मुलाखत संपल्यावर, आधी सांगितलं तर पुढची उत्तरं तुम्हाला आवडतील तशी येतात.

आणि तिथेच कोणी खरंच आजारी निघाला तर? बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तोंडातून लाळ, घामाने भिजलाय, हे ऑर्गनोफॉस्फेटचं लक्षण आहे आणि तुम्ही आधी डॉक्टर आहात, मग संशोधक. प्रोफॉर्मा बाजूला, १०८ ला फोन, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवणं, हे सगळं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं हवं. तसंच यादीबाहेरचा सोळा वर्षांचा पोरगा पाईप ओढताना दिसला तर काय करायचं हेही आधी गाईडशी बोलून लिहून ठेवलं, कारण "१८ खालचे वगळले" म्हणून पान उलटणं मला तरी पटत नाही.

प्रोफॉर्म्यावर नाव नको, कोड नंबर. नाव आणि कोड जोडणारी वही कपाटात, कुलपात. गाव लहान असतं, "गाव अमुक, ट्रॅक्टर ड्रायव्हर, वय ५२" एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, म्हणून थिसिसमध्ये गावांची नावं द्यायची नाहीत, गाव १, गाव २.

तुमच्या स्टडीत औषध, व्यायाम, समुपदेशन असं काही देणार असाल तर सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी पहिला माणूस घ्यायच्या आधी झालेली पाहिजे, १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेत नाहीत. आमचा अभ्यास नुसता विचारण्याचा, त्यामुळे ती घाई नव्हती, तरी कॉलेज मागत असेल तर करून टाका.

परवानगीच्या पत्राआधी एकही फॉर्म भरू नका. माझ्या स्वतःच्या थिसिसच्या वेळी पत्र "येतच आहे" म्हणून मी अकरा जणांच्या मुलाखती घेतल्या, पत्र आलं तीन आठवड्यांनी, आणि ते अकराही फॉर्म बाजूला टाकावे लागले. कमिटी मागच्या तारखेची परवानगी देत नाही, द्यायलाही नको. म्हणून ऑक्टोबरमध्ये फील्डवर जायचं असेल तर कमिटीची बैठक कधी आहे हे जूनमध्येच विचारून घ्या, ती दर आठवड्याला भरत नाही.

कागदावर मांडताना

विद्यापीठाचं, म्हणजे म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाचं, त्या वर्षीचं परिपत्रक आणि फॉरमॅट बघून मथळे त्याच क्रमाने ठेवा, शेवटची तारीखही तिथूनच घ्या, सीनियरच्या तोंडून नको. इंट्रोडक्शन लांबवू नका. "भारत हा कृषिप्रधान देश आहे" पासून सुरुवात केलेली दिसली की मी ती पानं उलटूनच टाकते. निफाडात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या का वाढतात, अवकाळी पाऊस झाला की डाऊनीच्या भीतीने आणखी का वाढतात, आणि त्यामुळे हाच काळ का निवडला, हे दोन परिच्छेदांत सांगा. रिकामा तक्ता शेवटी जोडा, तो मागितलेला नसला तरी जोडा.

आमच्या पोराचा प्रोटोकॉल कमिटीकडून दोन शंका घेऊन परत आला. एक, संध्याकाळी शाळेत बोलवलेल्या मजुराचा वेळ जातो, त्याला चहापाणी आणि येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? दुसरी शंका त्या सामान्य सदस्याची होती: बाटलीचं लेबल बघायला तुम्ही मालकाकडे गेलात की मालकाला कळणारच ना, कोणत्या मजुराने काय सांगितलं? हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग क्रम बदलला, बागेत गेल्यावर आधी मालकाकडून गेल्या आठवड्यातल्या सगळ्या औषधांची लेबलं उतरवायची, मुलाखती त्यानंतर, संध्याकाळी. सुधारलेली प्रत दुसऱ्या दिवशी गेली, मंजुरीचं पत्र सप्टेंबरच्या शेवटी आलं, आणि छाट्या तोवर सुरू झाल्या होत्या.